रेंगाळतंय म्हणजे कुठे?

काही शब्दांचा मला आजही राग येतो. ‘ग्रिप नाही’, ‘जरा क्रिस्प करा’, ‘सोल पाहिजे’, ‘काहीतरी मिसिंग आहे’. आयुष्यभर फिल्मच्या पट्ट्या कापल्या आणि जोडल्या, त्यामुळे हे शब्द मी शेकडो वेळा ऐकले असतील. पण ज्या प्रसंगी ते मला खऱ्या अर्थाने लागले, तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा. तेव्हा मी तीस वर्षांची होते, आणि अंधेरी पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीच्या तळमजल्यावर, एडिटिंग टेबल असलेल्या खोलीत काम करत होते. शेजारी बॉक्स बनवण्याचा कारखाना होता. त्यांचं मशीन चालू झालं की माझ्या टेबलावरची कात्री थरथरायची.

फिल्म होती बावीस मिनिटांची, सोळा एमएम, एका संस्थेसाठी केलेली. संस्था बायकांना कामधंदा शिकवायची, आणि आपल्या कामाची फिल्म तिला हवी होती. दिग्दर्शकाने विषय चांगला निवडला होता. घाटकोपरच्या एका चाळीतली खानावळवाली. मूळची कोकणातली, नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर तिने घरात दहा-बारा माणसांना जेवायला घालायला सुरुवात केली होती. कॅमेऱ्यासमोर ती न लाजता, मालवणीत, भाकरी थापता थापता बोलायची. महिनाभर मी तिच्या आवाजाबरोबर राहिले. कुठल्या वाक्याला ती श्वास घेते ते मला पाठ झालं होतं.

रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, दाखवायचा दिवस आला. संस्थेचं ऑफिस सांताक्रूझला होतं आणि त्यांच्या छोट्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला होता. मधूनमधून वरून विमान जायचं, मग अर्धा मिनिट काही ऐकू यायचं नाही. समितीचे पाच जण बसले होते. मधोमध अध्यक्ष, निवृत्त मोठे अधिकारी. दाराजवळ, प्रोजेक्टरच्या बाजूने थोडा उजेड येत होता तिथे, संस्थेच्या लघुलेखिका बाई वही घेऊन बसल्या होत्या. पंचेचाळिशीच्या असाव्यात. मी त्यांच्याकडे नीट बघितलंही नाही.

फिल्म संपली, दिवे लागले.

अध्यक्ष म्हणाले, “छान आहे. पण रेंगाळतंय.”

दुसरे म्हणाले, “हो. ग्रिप नाही.”

तिसऱ्या एक बाई होत्या, त्यांना ‘सोल’ हवा होता. चौथे म्हणाले की काहीतरी कमी आहे, पण काय ते सांगता येत नाही. पाचव्यांनी फक्त मान हलवली.

मी विचारलं, “रेंगाळतंय म्हणजे कुठे, सर?”

अध्यक्ष हसले. “कुठे ते आम्ही सांगितलं तर तुम्ही काय करणार? ते तुमचं काम.”

सगळे हसले. आमचे दिग्दर्शकही. मी त्यांच्याकडे बघत राहिले, की हा माणूस आता तरी काही विचारेल. शूटिंगच्या वेळी खानावळवालीच्या चुलीपाशी तासन्‌तास बसलेला माणूस तो. पण तो वहीत लिहीत होता: रेंगाळतंय, ग्रिप, सोल. जणू बाजाराची यादी.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “तू बघ ना. तू हुशार आहेस. ती चुप्पी आहे ना, तिथेच बोअर झाले असणार.”

चुप्पी म्हणजे चौदाव्या मिनिटाला खानावळवाली बोलता बोलता थांबते ती जागा. ती म्हणते, “मगे मी…” आणि थांबते. पीठ हाताला लागलेलं, हात तसाच. आठ सेकंद. मग म्हणते, “कोणाक सांगतलंय?” म्हणजे कोणालाच नाही. सगळ्या फिल्ममध्ये मला सगळ्यात प्रिय जागा तीच होती.

“तुला नक्की माहीत आहे, तिथेच?” मी विचारलं.

“अगं, आठ सेकंद. आठ सेकंद कोण बघतं?”

मला तेव्हाच भांडायला हवं होतं. भांडले नाही, याचा राग मला समितीपेक्षा जास्त स्वतःचा येतो.

पुढचे दहा दिवस मी आंधळ्यासारखी कापत बसले. कुठे ते कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून सगळीकडे कापलं. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीचे दहा-बारा फ्रेम काढले, शेवटचे दहा-बारा काढले. सेकंदाला चोवीस फ्रेम; म्हणजे प्रत्येक शॉटमागे जवळजवळ एक सेकंद. भाकरी थापण्याचे सात शॉट होते, ते सगळे तीन-तीन सेकंदांचे केले. आणि ‘मगे मी’ या शब्दांनंतर कापून सरळ बाजाराच्या दृश्यावर गेले. कापलेले तुकडे टेबलाशेजारच्या कापडी पिशवीत, वरच्या खिळ्यांना लटकत होते. त्यात तिचे ते आठ सेकंद आणि पुढचं अर्धं वाक्यही होतं. फिल्म साडेअठरा मिनिटांवर आली.

पुन्हा सांताक्रूझ. तोच हॉल, तीच माणसं.

अध्यक्ष म्हणाले, “आता घाईचं वाटतंय.”

“पण तरी लांब वाटतंय,” दुसरे म्हणाले. “आधीचं काहीतरी होतं ते गेलं बघा.”

“मी तर म्हणते, आधीचंच बरं होतं,” सोलवाल्या बाई म्हणाल्या.

आणि आमचे दिग्दर्शक म्हणाले, “हो सर. मलाही थोडं तसंच वाटत होतं.”

मी उठून बाहेर गेले. पॅसेजमध्ये पाण्याचा माठ होता, त्याच्यापाशी उभी राहिले. दहा दिवस, दिवसाचे दहा तास. पाच शिकलेली, मोठ्या हुद्द्यावर काम केलेली माणसं. आपल्या ऑफिसातल्या फायलीवर कोणी ‘काहीतरी कमी आहे’ असा शेरा मारला असता तर त्यांनी त्याला समोर उभं करून जाब विचारला असता. आणि माझ्या कामाबद्दल मात्र एवढं बोललं की पुरे. मी म्हणजे जादूगार, त्यांच्या पोटात काय होतंय ते मी ओळखायचं.

लघुलेखिका बाई मागून आल्या. ग्लास भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं ना, कुठे म्हणून?”

“हो.”

“माझ्याकडे आहे.”

मला कळेना. त्यांनी वही उघडली. पानावर लघुलिपीच्या रेघा, आणि डाव्या बाजूला समासात आकडे. सहा-दहा, सहा-पन्नास, चौदा-पाच.

“मिटिंगमध्ये मला समासात वेळ टाकायची सवय आहे,” त्या म्हणाल्या. “कोण केव्हा बोललं ते नंतर विचारतात. फिल्म चालू असताना कोणी बोलत नव्हतं, मग मी फिल्ममधलंच मिनिट-सेकंदासकट लिहून घेतलं. आणि साहेब लोक काय करत होते तेही. सवय हो, दुसरं काय. इतिवृत्तात मी सगळं टाईप केलं होतं. सेक्रेटरींनी काट मारली. म्हणाले, फक्त निष्कर्ष लिहा. मग लिहिलं, चित्रपट संथ आहे.”

मी तिथल्या तिथे विचारलं, “शनिवारी तुमचा हाफ डे असतो ना? अंधेरीला याल?”

त्या मुलुंडला राहायच्या. शनिवारी दुपारी सांताक्रूझहून उलट्या दिशेने बसने आल्या, डब्यात थालीपीठ घेऊन. तोपर्यंत मी पिशवीतले तुकडे शोधून शोधून पहिला कट पुन्हा जोडला होता. टेबलावरच्या छोट्या पडद्यासमोर आम्ही दोघी बसलो. मी हातात पिवळी ग्रीस पेन्सिल घेतली, फिल्मवर खूण करायला.

सहाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, “इथे अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. आणि दुसऱ्या साहेबांनी खुर्ची मागे घेतली.”

मी टेबल थांबवलं. पडद्यावर चूल होती. चांगला शॉट, चार सेकंदांचा. त्यात लांबवण्यासारखं काही नव्हतं. “इथे? हा तर छोटा शॉट आहे.”

“मागे घ्या ना थोडं.”

मी मागे घेतलं. निवेदकाचा भारदस्त आवाज आला: ही माउली पहाटे चारला उठून साठ भाकऱ्या भाजते. मग खानावळवाली स्वतः कॅमेऱ्याकडे बघून तेच सांगते. मग चूल पेटताना दिसते.

“हे मी तीनदा लिहिलं,” बाई म्हणाल्या. “म्हणजे दोनदा लिहिलं आणि तिसऱ्यांदा बघितलं. दुसऱ्यांदा लिहिताना मला वाटलं, चुकून मागचीच ओळ उतरवतेय की काय.”

महिनाभर मी ते रोज बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. कंटाळा चुलीवर येत होता, पण चूल बिचारी निर्दोष होती. त्याच्या आधी चाळीस सेकंद एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जात होती. ‘रेंगाळतंय’ ऐकून चूल कापली असती तर काहीही साधलं नसतं. मी तसंच केलं होतं की!

“आणि ही चुप्पी?” मी चौदाव्या मिनिटावर गेले.

त्यांनी वही बघितली. “पहिल्या वेळेला इथे माझी पेन्सिल थांबली. समोर अध्यक्षांनी चहाचा कप उचलला होता, तो तसाच हातात राहिला. कोणी हललं नाही. वरून विमानसुद्धा गेलं नाही बघा.”

“आणि दुसऱ्या वेळेला?”

“दुसऱ्या वेळेला तुम्ही कापलंत. ती म्हणाली, मगे मी, आणि एकदम बाजार. ‘मग मी’, पुढे काय? मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. बाजारातलं पहिलं वाक्य माझं त्या नादात सुटलं. इथे बघा, जागा कोरी आहे.”

खरंच कोरी होती. तीन वर्षं शिकून आणि सात वर्षं काम करून मला इतकं चोख कोणी सांगितलं नव्हतं. बघणाऱ्याच्या मनात वाक्य अर्धं राहिलं की पुढचे पाच-सहा सेकंद त्याला ऐकू येत नाहीत, हे त्या कोऱ्या जागेने मला दाखवलं.

एका ठिकाणी मात्र त्या म्हणाल्या, “इथे मन लागत नव्हतं.”

मी हसले. “बाई, तुम्हीपण?”

त्याही हसल्या, मग विचार करून म्हणाल्या, “थांबा. दुसऱ्यांदा दाखवलीत त्या फिल्ममध्ये. ती भाकऱ्या थापते तिथे. आमचे जुने साहेब डिक्टेशन द्यायचे, प्रत्येक शब्द सारख्या वेगाने. टक, टक, टक. हळू नव्हते, पण झोप यायची. तसं.”

सात शॉट, तीन-तीन सेकंद. ‘घाईचं वाटतंय, पण तरी लांब वाटतंय’ या वाक्याचा अर्थ मला त्या क्षणी लागला. ते म्हणणाऱ्या दोघांना तो माहीत नव्हता.

शेवटी त्या म्हणाल्या, “तिचा तो मुलगा दप्तर घेऊन जातो, तेवढं काढलं तर?”

“ते नको. शाळेची फी पुढे येते, त्याला तिथे दिसायला हवं.”

“मग ठेवा. काढायचं की ठेवायचं ते तुम्ही बघा. मी फक्त कुठे माझं काय झालं तेवढंच सांगणार.”

त्या बोलत होत्या आणि माझा राग कमी होण्याऐवजी वाढत होता. एवढं सांगता येतं तर! यासाठी फिल्मची भाषा यावी लागत नाही. कुठे घड्याळ बघितलं, कुठे वाक्य सुटलं, कुठे तीच गोष्ट पुन्हा ऐकली, एवढंच सांगायचं असतं. पाच माणसांना ते जमलं नाही, कारण जमवायची गरज त्यांना कधी वाटलीच नव्हती.

चार दिवसांत काम झालं. निवेदकाचं ते वाक्य काढलं. खानावळवाली कॅमेऱ्याकडे बघून बोलते तो शॉटही काढला, पण तिचा आवाज ठेवला आणि तो पेटत्या चुलीवर घातला. आता ऐकणं आणि बघणं एकदाच. भाकरीचे सात शॉट होते ते पाच केले: दोन अगदी छोटे, मग एक मोठा, भाकरी फुगून वर येईपर्यंत, मग पुन्हा दोन छोटे. चुप्पीचे आठ सेकंद जिथल्या तिथे ठेवले, आणि ‘कोणाक सांगतलंय’ नंतर बाजार आणताना दीड सेकंद नुसता गलका ठेवला, मग पहिलं वाक्य. फिल्म वीस मिनिटं चाळीस सेकंदांची झाली. दुसऱ्या कटपेक्षा दोन मिनिटांनी मोठी.

तिसऱ्यांदा दाखवली. दिवे लागल्यावर अध्यक्ष म्हणाले, “वा. आता कशी छोटी आणि आटोपशीर झाली. हेच तर आम्ही सांगत होतो.”

दिग्दर्शक म्हणाला, “सर, तुमच्या सूचनांचा खूप उपयोग झाला.”

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, “ही फिल्म मागच्यापेक्षा दोन मिनिटांनी मोठी आहे. आणि तुम्ही सांगितलेल्या एकाही गोष्टीचा उपयोग झालेला नाही. उपयोग झाला तो यांच्या वहीचा.” आणि मी दाराजवळ बोट दाखवलं.

बाईंनी मान खाली घातली आणि लिहीत राहिल्या. मला वाटलं, संकोचल्या. मला तर वाटलं मी फार मोठं काहीतरी केलं. त्यांचं नाव श्रेयनामावलीत घाला, असंही मी सेक्रेटरींना बजावलं.

“त्या काय एडिटर आहेत?” सेक्रेटरी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी संस्थेत फोन केला, तर बाईंना टपाल विभागात हलवलं असल्याचं कळलं. कार्यालयीन नोंदी बाहेरच्या व्यक्तीला दाखवल्याबद्दल त्यांना मेमो मिळाला होता. ज्या नोंदी सेक्रेटरींनी स्वतः फुली मारून टाकून दिल्या होत्या, त्याच. मी तडक सांताक्रूझला गेले. सेक्रेटरींसमोर उभं राहून म्हटलं की दोष माझा, मेमो मागे घ्या. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. “हा संस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे,” म्हणाले. मग मी पत्र लिहिलं आणि दिग्दर्शकाकडे सहीसाठी नेलं. त्याने ते दोनदा वाचलं.

“टोन जरा हार्श आहे,” तो म्हणाला.

“कुठे?”

“असं एका जागी नाही. एकूणच.”

मी पत्र त्याच्या हातातून घेतलं. पुन्हा त्याच्याबरोबर काम केलं नाही. पत्र एकटीच्या सहीने पाठवलं, त्याला उत्तर आलं नाही.

दिवाळीनंतर मी मुलुंडला बाईंच्या घरी गेले. तोवर त्यांनी ती नोकरी सोडली होती आणि एका वकिलाच्या ऑफिसात लागल्या होत्या. चहा ठेवता ठेवता त्या तिथलं सांगत होत्या. मला माफी मागायची होती, पण कशी सुरुवात करावी कळेना. म्हणाले, “माझ्यामुळे सगळं झालं. मी फार वाईट वागले.”

त्यांनी गॅस बारीक केला. “वाईट नाही वागलात. माझं नाव घेतलंत त्याचंही मला काही नाही. बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मला न विचारता घेतलंत, तेवढंच. तिसऱ्यांदा दाखवलीत त्या दिवशी हॉलमध्ये जायच्या आधी पॅसेजमध्ये भेटलो होतो आपण. तेव्हा विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, पगार वाढायचा आहे, दोन महिने थांबा.”

एवढा वेळ मी सगळ्यांवर रागावले होते. अध्यक्षांवर, दिग्दर्शकावर, सेक्रेटरींवर. तो राग खोटा नव्हता, आजही नाही. पण माझी स्वतःची चूक नेमकी कुठे, कुठल्या पॅसेजमध्ये, किती वाजता झाली, ते मला त्यांनीच दाखवलं. त्यात माझ्या स्वभावाबद्दल एक शब्द नव्हता, म्हणून ती मला नाकारताही आली नाही.

“साखर किती?” त्यांनी विचारलं.

“एक चमचा.”

चहा घेताना त्या म्हणाल्या की फिल्म त्यांनी पूर्ण बघितली, संस्थेच्या कार्यक्रमात, मागच्या रांगेत बसून. “शेवटी नावं येतात तेव्हा ती खानावळवाली गुणगुणते ना? ते फार लवकर बंद होतं. अजून तीन नावं बाकी असतात आणि आवाज जातो. लोक उठायला लागले तिथे.”

“आता प्रिंट निघाल्या, बाई. बदलता येणार नाही.”

“हो का,” त्या म्हणाल्या आणि माझ्या बशीत चकली ठेवली.